कोंडाण्याला गेलेली सुई

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ तिसाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला बसला, तेव्हा कर्जतच्या बाजारात दोन मतं होती. एक, त्याला भूत लागलं. दोन, भूत मला लागलं आणि मी ते त्याच्यावर ढकललं. दुसरं मत माझ्या बायकोचं होतं, म्हणून तेच जास्त पसरलं.

मी तेव्हा कर्जतला पोस्टमास्तर होतो. मेव्हण्याचं शिंप्याचं दुकान पोस्टापासून दोन गल्ल्या सोडून. खोपोलीच्या वीजघरातल्या माणसांचे खाकी कपडे बरीच वर्षं तोच शिवायचा. मग ते काम मुंबईला गेलं आणि त्याच्याकडे उरल्या उसवलेल्या बंड्या, लग्नसराईतले परकर आणि गप्पा मारायला येणारी रिकामी माणसं. लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे लोक दुकान बघून परत जात.

अशात मुंबईच्या एका सिंधी पेढीची बातमी लागली. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ स्पेनची बेटं आहेत, तिथे या पेढीची रेशमी कापडाची दुकानं होती. बोटीवरून उतरणाऱ्या उतारूंना एका दिवसात सदरा शिवून देईल असा कारागीर त्यांना हवा होता. हात चांगला हवा आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरती स्पॅनिश हवी. पेढीच्या मुनिमाने त्याचा हात पाहिला, पसंत केला, एक स्पॅनिश-इंग्रजी पुस्तक दिलं आणि सांगितलं, गुढीपाडव्यानंतर या, बोलून दाखवा. तोपर्यंत बारा आठवडे होते. जागा एकच होती आणि पनवेलचा आणखी एक शिंपी त्याच जागेवर डोळा ठेवून होता.

मेव्हणा पुस्तक घेऊन माझ्याकडे आला, कारण घरात इंग्रजी मला येत होतं.

"दाजी, आमाला काय हे जमनार नाय."

"किती शब्द लागतील?"

"मुनीम म्हनला, तीनशे आले तरी बास."

"मग जमेल."

बायको आतून म्हणाली, "जमंल तर! तुमच्या दाजींना याद्या करायला कारन घावलं. धोब्याची यादी करत्यात, गोधड्यांची करत्यात, तुजी का नाय करनार?"

हे खरं आहे आणि त्याची मला लाज नाही. मी रात्रीपर्यंत तीनशे शब्द पुस्तकातून काढले, देवनागरीत उतरवले आणि जातवारी लावली. रंग एकीकडे, आकडे एकीकडे, वार, नातीगोती, शरीराचे अवयव, कपडे, शिवणाचं सामान, खाण्याच्या वस्तू. फार देखणी यादी होती. शिकणाऱ्याला इतकी निरुपयोगी यादी मी पुन्हा केली नाही, पण ते कळायला चार आठवडे गेले.

पाठांतराबद्दल मात्र माझं एक मत होतं आणि ते बरोबर निघालं. एकच शब्द एका दिवसात पन्नास वेळा घोकला तर तो संध्याकाळपर्यंत टिकतो. तोच शब्द आज, उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने असा पाच वेळा आठवून काढला तर मुक्कामाला राहतो. विसरायला सुरुवात होते तेवढ्यात त्याला गाठायचं. लवकर गाठलं तर श्रम फुकट, उशिरा गाठलं तर शब्द पळालेला. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. नवा टपालवाला आला की गावं आणि घरं त्याच्या डोक्यात कशी बसतात, ते मी वीस वर्षं बघत होतो.

पोस्टातून रद्दीत काढलेलं खणांचं एक कपाट माझ्या ओसरीवर होतं. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. खणांना नावं टपालाच्या फेऱ्यांवरून दिली. कर्जत गावात टपाल रोज वाटलं जायचं, म्हणून पहिला खण 'कर्जत'. वाटेतल्या वाड्यांना तीन दिवसांनी, तो दुसरा. कळंबला आठवड्याने, तो तिसरा. कोंडाण्याला पत्रं येणार कुणाला, तिकडे पंधरवड्याने फेरी, तो चौथा. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या खणात. नाही आठवला की परत आलेलं टपाल, थेट कर्जतच्या खणात, मग तो कोंडाण्याहून का परतलेला असेना.

मेव्हण्याला हे एका दमात कळलं. स्पॅनिशपेक्षा लवकर कळलं.

"म्हंजे सुई कळंबला पोचली, आन कात्री अजून हितंच बोंबलतीय."

"बरोबर."

"आन कोंडाण्याच्या फुडं?"

"पुढे डोंगर. तिथून ती परत येत नाही."

मी रोज वीस नवे शब्द लावून दिले. पंधरा दिवसांत तीनशे, उरलेले दहा आठवडे उजळणी. कागदावर हिशोब इतका गोंडस दिसत होता की मी तो बायकोलाही दाखवला. ती म्हणाली, "माजा भाऊ मानूस हाय, पोस्टाची पेटी नाय." मी दुर्लक्ष केलं.

बाराव्या दिवशी पेटी भरून वाहायला लागली. कारण वीस नवे शब्द हे फक्त आजचे वीस. कालचे वीस आज परत भेटणार, त्याच्या तीन दिवस आधीचे वीस आज भेटणार, त्याच्या आठवडाभर आधीचेही वीस आजच. म्हणजे जुने साठ, वर परत आलेले, वर नवे वीस. त्या माणसाला परकरही शिवायचे होते. नव्या शब्दांचा आकडा ठरवताना आजचं काम मोजायचं नसतं, तिसऱ्या आठवड्यातलं मोजायचं असतं, हे पोस्टात दिवाळीचं टपाल सांभाळणाऱ्या माणसाला आधी सुचायला हवं होतं.

तरी मेव्हणा तक्रार न करता मशीन चालवत घोकत राहिला. आणि आश्चर्य म्हणजे त्याला यायचं. मी संध्याकाळी गठ्ठा घेऊन बसायचो, एकेक मराठी शब्द वाचायचो, तो खाडकन स्पॅनिश सांगायचा. साठापैकी पंचावन्न, अठ्ठावन्न. चिठ्ठ्या भराभर कळंबला, कोंडाण्याला निघाल्या. मी खूश, तो खूश. बाजारातल्या रिकाम्या माणसांनीही चकार शब्द काढला नाही, आणि ते सोपं नव्हतं.

मग एका गुरुवारी पाद्रीबाबा आले.

हे पाद्रीबाबा मूळचे स्पेनचे. खंडाळ्याला राहायचे आणि दर गुरुवारी घाट उतरून कर्जतच्या रेल्वे चाळीतल्या ख्रिस्ती कुटुंबांना भेटायला यायचे. तिकिटं घ्यायला माझ्या खिडकीशी थांबत. मराठी त्यांनी डोंगरातल्या वाड्यांवर हिंडून उचललेली, त्यामुळे स्टेशनमास्तर असो की मामलेदार, सगळ्यांना सरसकट "काय रं, बरा हाय?" मामलेदाराला एकदा असं विचारल्यावर तो दिवसभर आरशात बघत होता म्हणतात. मी त्यांना विनंती केली, आमच्या माणसाचे उच्चार तेवढे तपासा. त्यांना इतका आनंद झाला की कुठल्याशा आजारी म्हातारीची भेट त्यांनी तासभर पुढे ढकलली.

दुकानात मशीनच्या फळीवर त्यांनी डब्यातली बटणं ओतली आणि मोजून काही बाजूला सरकवली.

"क्वांतोस? किती रं?"

मेव्हण्याचे ओठ हलायला लागले. ऊनो, दोस, त्रेस, असं खालून चढत चढत तो सातावर पोचला. "सिएते."

"बरा," पाद्रीबाबा म्हणाले आणि पाच बटणं ठेवली.

पुन्हा ओठ. ऊनो, दोस, त्रेस.

"हा गिऱ्हाईक गेला रं. दुसऱ्या दुकानात गेला. तिथं सदरा घेतला, पैसे दिले, बोटीत बसला. तू अजून त्रेस."

मेव्हणा लाल झाला. मी मध्ये पडलो. म्हटलं, आकड्यांचं असं होतंच, पाढ्यांची सवय आहे, बाकी शब्द त्याला चोख येतात. आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला. पाद्रीबाबांनी दोरी सोडली, गठ्ठा दोन भागांत केला आणि चिठ्ठ्या अशा काही पिसल्या की दारातल्या रिकाम्या माणसांनी श्वास रोखला. इतक्या सफाईने पत्ते पिसणारा माणूस आमच्या भागात यात्रेतच दिसतो आणि पोलीस त्याच्या मागावर असतात.

साठ चिठ्ठ्या. मेव्हण्याला एकोणीस आल्या.

पाद्रीबाबांनी चिठ्ठ्या दोरीत बांधून परत दिल्या. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कात्री उचलली, ठेवली.

मला कारण कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर मी कपाळाला हात लावला. दोष त्याचा नव्हता, माझ्या हाताचा होता. पोस्टातला माणूस टपालाचा गठ्ठा बांधतो तो घरांच्या क्रमाने. पहिलं घर वर, शेवटचं खाली, म्हणजे वाटणाऱ्याला शोधावं लागत नाही. वीस वर्षं मी तसंच बांधत आलो होतो आणि चिठ्ठ्याही रोज त्याच क्रमाने बांधत होतो. सुईनंतर दोरा, दोऱ्यानंतर बटण, बटणानंतर काज. मेव्हण्याने क्रम पाठ केला होता. सुई म्हणताच त्याच्या तोंडात पुढचे एकोणीस शब्द रांगेने उभे राहायचे. लहानपणी आपण पावकी-निमकी अशीच शिकलो, मास्तरांनी मध्येच तोडून विचारलं तर मुळापासून सुरुवात. पण आमचे मास्तर निदान सदरा विकत घ्यायला थांबलेले नसत.

संध्याकाळी तो ओसरीवर आला आणि कपाटाकडे पाठ करून बसला.

"दाजी, पनवेलवाल्याला जाऊ द्या."

"आठ आठवडे आहेत अजून."

"आठ आठवड्यांनी मुनीम मला इचारनार आन मी ऊनो-दोस करनार. लोकं हसत्यात आताच. हितं दुकानात बसून मी परकरं शिवीन, माजं काय अडतंय?"

बायको दारात उभी होती. नेहमी ती अशा वेळी मला टोमणा मारते. त्या दिवशी भावाला म्हणाली, "अडतंय तर. दोन वरसं मी पोरी बघतीय तुज्यासाठी. दुकानाकडं बघून लोकं परत जात्यात, आन भावाचं का जमत नाय म्हून गाव मला इचारतं. मला उत्तर द्यावं लागतं. बस गुमान."

मग माझ्याकडे वळून, "आन तुमी. तुमची यादी फाडा."

मी फाडली. हे सोपं नव्हतं, कारण तिच्यावर लाल शाईच्या रेघा होत्या.

आठवडाभर नवा शब्द एकही द्यायचा नाही, असं आधी ठरवलं. जे तीनशे दिले होते ते सगळे कर्जतच्या खणात परत आणले. कोंडाण्याला पोचलेली सुईसुद्धा मुकाट खाली उतरली. मग तपासताना दुसरी गोष्ट दिसली. चुका एकट्यादुकट्या नव्हत्या, जोडीने होत्या. हिरव्याला पिवळा म्हणायचा आणि पिवळ्याला हिरवा. मंगळवार-बुधवार एकमेकांच्या घरात. भाऊ-बहीण, लांब-आखूड तेच. एका दिवशी एकत्र शिकलेले सारखे शब्द एकमेकांचे पाय ओढत होते. हे तर मला पोस्टात रोज दिसायचं. एका वाडीत एकाच नावाची दोन माणसं असली की पत्रं हमखास अदलाबदल होतात. त्यावर उपाय एकच, नावापुढे खूण लिहायची, विहिरीजवळचा, देवळामागचा.

म्हणून नवी यादी जातवारी केली नाही, प्रसंगवार केली. पहिला प्रसंग, गिऱ्हाईक दुकानात येतं. या, बसा, काय हवं. दुसरा, माप घेणं. फीत, मान, बाही, खांदा. तिसरा, कापणं आणि शिवणं. कापड, कात्री, सुई, दोरा, कापणे, शिवणे. चौथा, किंमत. पाचवा, गिऱ्हाइकाची बोट उद्या सुटते, सदरा आज संध्याकाळी हवा. सहावा, आपलं स्वतःचं पोट. रंग सगळ्यांत विखरून टाकले आणि प्रत्येकाला वस्तू चिकटवली. लाल एकटा नाही, 'सेदा रोखा', लाल रेशीम. काळा एकटा नाही, 'ईलो नेग्रो', काळा दोरा. लांब शिकल्यावर दोन आठवडे आखूड द्यायचा नाही. महाग आधी शिकवला, स्वस्त नंतर.

"हे बरंय," मेव्हणा म्हणाला. "सोस्त नाय आलं तरी दुकानाचा काय तोटा नाय."

पंधरवड्यात तो पहिल्यांदा हसला होता.

तीनशेतले मामलेदार, राजवाडा, हंस वगैरे शब्द मी काढून टाकले. हंस का घेतला होता हे मला आजही सांगता येणार नाही. जे उरले आणि जे नव्याने आले त्यांचे रोज आठ, आठवड्यातले सहा दिवस. सातव्या दिवशी फक्त थकबाकीची उजळणी. शेवटचे दहा दिवस नवा शब्द बंद. आणि चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी. आधी स्पॅनिश बघून मराठी सांगायचं, ते सोपं. मग मराठी बघून स्पॅनिश, ते अवघड, आणि दुकानात तेच लागतं. ही दुसरी बाजू आल्याशिवाय चिठ्ठी कळंबच्या पुढे जायची नाही. उत्तर आठवेना तर दहा मोजेपर्यंत थांबायचं, लगेच उलटून बघायचं नाही. आठवायला लागणारी तीच तर खरी मेहनत.

आणि रोज सकाळी पहिलं काम, गठ्ठा पिसणं. मला पिसता येत नव्हतं. पाद्रीबाबांनी पुढच्या गुरुवारी मला शिकवलं. पोस्टाच्या खिडकीत सरकारी नोकर आणि धर्मगुरू पत्ते पिसतायत, हे पाहून एक मारवाडी मनिऑर्डर न करताच परत गेला.

आकड्यांसाठी डब्यातली बटणं होती. वाटेल तेवढी मुठीत घ्यायची आणि फळीवर टाकायची. हे काम रिकाम्या माणसांनी आपणहून उचललं आणि त्यांच्यात चुरस लागली. त्यांच्यातल्या दोघांना मेव्हण्याच्या आधी तीसपर्यंत आकडे आले. कर्जतच्या बाजारात त्या दिवसांत बिडीची काडीसुद्धा स्पॅनिशमध्ये मोजली जात होती.

सहावा प्रसंग बायकोने ताब्यात घेतला. तिने फर्मान काढलं, भात हवा तर 'आर्रोस' म्हण, पाणी हवं तर 'आग्वा', मीठ हवं तर 'साल'. पहिल्या दिवशी त्याने मीठ आठवेना म्हणून अळणी आमटी गिळली. दुसऱ्या दिवशी आठवलं. ते शब्द कपाटात कधी ठेवावेच लागले नाहीत.

शिमग्याला तो तीन दिवस खोपोलीला गेला आणि गठ्ठा नेला नाही. परतला तेव्हा एकशे दहा चिठ्ठ्या वाट बघत होत्या. घाबरला. मी म्हटलं, एका दिवसात उपसायच्या नाहीत. नवे शब्द थांबव, चार दिवसांत वाटून घे, ज्यांची फेरी जवळची ते आधी. रोजच्या खणातली चिठ्ठी तीन दिवसांत पळते, कोंडाण्याची कुठे जात नाही. चौथ्या दिवशी पाटी कोरी झाली. मला वाटतं, आपण करू शकतो हे त्याला त्या आठवड्यात पटलं, त्याच्या आधी नाही.

पाडव्यानंतर तो मुंबईला निघाला, मी रजा काढून बरोबर. फोर्टातल्या पेढीच्या माडीवर मुनीम गादीवर बसले होते. पंधरा वर्षं त्या बेटांवर काढलेला माणूस. पनवेलवाला आमच्या आधी आत जाऊन आला होता आणि जिन्यात पान खात होता.

मुनीम मेव्हण्याला म्हणाले, "मैं गिऱ्हाईक. बेचो." आणि पुढे एकदम स्पॅनिश.

मला त्यातलं अर्धं कळलं. मेव्हण्याने त्यांना बसवलं. सदरा हवा का, कुठल्या रंगाचा, विचारलं. गळ्याभोवती फीत टाकली. बोट कधी सुटते, विचारलं. उद्या, म्हणाले. मग आज संध्याकाळी देतो, म्हणाला. किंमत विचारली तर सतरा, सरळ सतरा, ओठ न हलवता.

मग मुनिमांनी ड्रॉवरमधून कात्री काढून समोर धरली. "के एस एस्तो?" हे काय?

मेव्हण्याने कात्रीकडे पाहिलं. कात्री! बरीच वर्षं त्याच्या हातात असलेली वस्तू. 'तिखेरास', मी मनात ओरडत होतो. तो दहा मोजतोय हे मला दिसत होतं. दहा झाले. शब्द आला नाही.

"पारा कोर्तार ला तेला," तो सावकाश म्हणाला. कापड कापायला. आणि मग, "नोम्ब्रे... मान्याना." नाव उद्या सांगतो.

मुनीम गादीवर मागे रेलून हसले. पोट धरून हसले. मग जिन्याकडे हात करून म्हणाले, "वो सौ तक गिनती सुना गया, बिना रुके. मैंने कहा आठ मीटर कपडा दो, तो फिर एक से शुरू. तुम्हारा वाला अटकता है, लेकिन दुकान नहीं छोडता." कराराचा कागद पुढे सरकवला. महिन्याभराने बोट.

परतीच्या वाटेवर नेरळला त्याने एकदम मांडीवर थाप मारली. मग म्हणाला, "तिखेरास. च्यायला."

घरी बायकोने ओवाळलं, बाजारातली रिकामी माणसं येऊन पेढे खाऊन गेली, पाद्रीबाबांना निरोप गेला. मी लगेच बोटीवरची यादी करायला बसलो, कुठल्या चिठ्ठ्या कुठल्या दिवशी, कारण नोकरी लागली म्हणून विसरणं थांबत नाही. बायको शेजारी येऊन बसली.

"किती वरसांचा कागद हाय?"

"पाच."

"मदी सुट्टी?"

"नाही."

तिने माझी यादी दुमडून ठेवली. बारा आठवडे आम्ही दोघांनी त्या माणसाला घराबाहेर काढायची तयारी केली होती, शब्द मोजले, दिवस मोजले, आणि हा एवढा प्रश्न माझ्या एकाही यादीत नव्हता. आत मेव्हणा जेवायला बसला होता. त्याने 'आर्रोस' म्हणून हाक मारली. बायको उठली, ताटात भात वाढला, आणि म्हणाली, "आता मराठीत माग रं. महिनाभर मराठीतच माग."